दीड इंच आणि अडतीस

३ तारीख, मंगळवार

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, सकाळी घरी आल्यावर तुम्ही माझं डोकं खाता, मला कामावर जायचं असतं, जे काय भांडायचं ते हिच्याशी भांडा. बरं. भांडतो.

लोखंड फिरवून कापायचं आमचं लेथ एक आणि ते चालवणारे टर्नर दोन. दिवसा माझा साडू, रात्री मी. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यानेच मला या कारखान्यात चिकटवलं, हे तो विसरत नाही आणि मला विसरू देत नाही. गेलं वर्षभर त्याचं काहीतरी बिनसलंय. ड्रॉइंग टेबलावर ठेवायचं तर खिडकीला टाचून ठेवतो. मशिनचा दिवा वाकवून असा ठेवतो की माझ्या डोळ्यांवर उजेड. आणि जाडी मोजायचा, आकडे दाखवणारा एकमेव डिजिटल मायक्रोमीटर स्वतःच्या खणात कुलूप लावून ठेवतो. मी मागितला तर म्हणाला, तुझे डोळे चांगले आहेत, तू रेघांवर वाच. याला काय म्हणायचं? कद्रूपणा.

सध्याचं काम बरं आहे. एका हॉस्पिटलच्या मालाच्या लिफ्ट दुरुस्त होतायत, त्यांच्या मशिनचे सहा शाफ्ट आणि शाफ्टच्या टोकाला बसणारी तारेच्या दोराची सहा चाकं. बायको, म्हणजे ही, त्याच हॉस्पिटलच्या धोबीखान्यात काम करते. लिफ्ट बंद असल्यापासून चादरींची गाठोडी जिन्याने वर नेतात. रोज गुडघे धरून येते आणि विचारते, झाला का तुमचा दांडा? जणू मी तो मांडीवर ठेवून झोपतो.

माझ्या वाटचे तीन शाफ्ट मी आज संपवले. पन्नासच्या अंगावरून टोक अडतीस मिलिमीटरला उतरवायचं, आणि जिथे जाड अंग संपून बारीक सुरू होतं तिथल्या कोपऱ्याची गोलाई ०.०६ लिहिलेली. एवढी गोलाई म्हणजे जवळपास सुरीचा कोपरा. टूल तीनदा घासलं, तेलाच्या दगडावर फिरवलं, भिंगाखाली पाहिलं. कोपरा असा निघाला की नख अडकावं. साडूच्या तीन शाफ्टचे कोपरे बघितले तर गुळगुळीत, गोल, कसेतरी. मी फोरमनला चिठ्ठी ठेवली की दिवसपाळीचे कोपरे ड्रॉइंगप्रमाणे नाहीत, बघून घ्यावे. त्याला कळू दे.

५ तारीख, गुरुवार

आज डोकं ठिकाणावर नाही. क्रमाने लिहितो.

काल रात्री चाकं घेतली. चाकाचं ड्रॉइंग वेगळं, तीन नंबरचा कागद. त्यावर भोकाचं माप १.५००, म्हणजे दीड इंच, वर इंचाचा एक हजारावा भाग सूट. जुनं ड्रॉइंग, इंचातलं. त्यात नवल नाही. आमच्याकडे दोन्ही येतात, दोन्हींची मापपट्टी कपाटात आहे. इंची मायक्रोमीटर काढला, बोअर गेज लावला आणि पहिलं चाक बोअर केलं. दुसरं केलं. दोन्ही नेमकी. भोकाच्या तोंडाला ०.०९ इंचाची कड मोडायला, म्हणजे धार तिरकी कापायला, सांगितली होती; सव्वादोन मिलिमीटर झाले. एवढी मोठी कड कशाला, शाफ्टचा कोपरा तर सुरीसारखा. काढणाऱ्याला धातू फुकट वाटतो बहुतेक. तरी मोडली.

मग सहज म्हणून माझाच एक शाफ्ट उचलून चाकात घातला. हे चाक शाफ्टवर हाताने दाबून, थोडं तेल लावून, चिकटून बसायला हवं. ते घरंगळत गेलं. हलवलं तर खुळखुळलं.

आधी वाटलं, बोअर मोठा झाला. परत मापला: दीड इंच आणि वर अर्धा हजारावा भाग. बरोबर. शाफ्ट मापला: ३७.९९. ड्रॉइंगप्रमाणे बरोबर. दोन्ही बरोबर आणि एकमेकांत बसत नाहीत. मग दोन्ही कागद शेजारी अंथरले. कामाचा नंबर एकच, खालच्या चौकटीतली सही एकच. शाफ्टच्या कागदावर कोपऱ्यात बारीक: सर्व मापे मिलिमीटरमध्ये. चाकाच्या कागदावर तितक्याच बारीक: सर्व मापे इंचात.

एक इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर. दीड इंच म्हणजे अडतीस पूर्णांक एक. कुणीतरी शाफ्टचा कागद मिलिमीटरमध्ये केला आणि तो एक दशांश खाल्ला. चाकाचा कागद तसाच ठेवला. एक दशांश म्हणजे वहीच्या या पानाची जाडी. तुम्हाला हसू येईल. पण त्या चाकावर लोंबतो तो सगळा भार. दर फेऱ्याला चाक त्या पानाएवढं उचलणार आणि आपटणार, आणि चाकाला फिरवणारी जी चौकोनी चावी खाचेत बसते, तिच्यावर सगळे धक्के.

एकाच कामात दोन भाषा, आणि कुणाला वाचायची तसदी नाही. मी उरलेली चाकं लावलीच नाहीत. दोन्ही चाकांवर आणि शाफ्टवर खडूने मोठं लिहिलं: थांबवा, बसत नाही. मशिन बंद करून सकाळपर्यंत नुसता बसलो. आयुष्यात पहिल्यांदा पाळीभर लेथ गार ठेवलं.

६ तारीख, शुक्रवार

सकाळी फोरमन आणि साडू एकदमच आले. मी दोन्ही कागद दाखवले, चाक शाफ्टवर खुळखुळवून दाखवलं. फोरमनने पाच मिनिटं डोकं खाजवलं आणि मग म्हणाला की रात्रपाळीने बोअर मोठे केले. मी म्हटलं, मापून बघा. तो म्हणाला, शाफ्टला बसत नाही म्हणजे मोठेच झाले ना. या माणसाशी काय बोलणार?

मी साडूकडे वळलो. म्हटलं, भाऊजी, तुम्ही दोन्ही कागद पाहिलेत, तुम्ही सांगा. त्याने कागद घेतला, खिडकीशी नेला, नाकाला लावला, कितीतरी वेळ बघितला. आणि म्हणाला, "लिहिलंय तसंच केलंय सगळ्यांनी." बस्स. इकडे माझ्या मानेवर सुरी आणि हा देवळातला खांब.

फोरमनचा उपाय काय, तर पंच. शाफ्टच्या टोकावर टोच्याने ठिपके मारायचे. प्रत्येक ठिपक्याभोवती धातू वर उचलतो, टोक जरा फुगल्यासारखं होतं, चाक ठोकून बसतं. बसतं म्हणजे काय, त्या फुगलेल्या टेंगळांवर बसतं. टेंगळं आठवड्यात झिजतात आणि परत तेच. माल उचलणाऱ्या यंत्रावर असलं काही करणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. मी म्हटलं, माझ्या हातून होणार नाही. तो म्हणाला, तुझ्या हातून काय होतं ते दिसलंच.

घरी आलो, जेवलो नाही. ही काहीतरी विचारत होती. मी दार आपटलं. नंतर कळलं की ती माझ्या जेवणाचंच विचारत होती.

८ तारीख, रविवार

हिच्या ताईकडे जेवायला. मला जायचं नव्हतं. साडू माझ्याशी नेहमीसारखाच बोलत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पाणी वाढताना त्याने पेल्याच्या बाहेरच ओतलं, सगळं माझ्या मांडीवर. मी म्हटलं, राग असेल तर तोंडाने बोला. तो म्हणाला, राग कसला. ताई पटकन फडकं घेऊन आली आणि तिने तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला. पुढे सगळं तीच वाढत होती. त्याच्या ताटातल्या माशाचे काटेसुद्धा तीच काढत होती, लहान मुलाला काढून द्यावेत तसे. लाडावून ठेवलंय.

येताना हिने मला जिना उतरताना दाखवलं, गुडघा कसा सुजलाय. म्हणाली, तुमची मापं होत राहतील, पण तेवढा दांडा द्या पाठवून. मी म्हटलं, चुकीचा पाठवू? ती म्हणाली, तुम्हाला सगळंच चुकीचं दिसतं.

१० तारीख, मंगळवार

दोन दिवस मला दुसऱ्या कामावर टाकलं होतं. आज फळीवर पाहिलं तर शाफ्ट पाच. चाक एकच. खडूने लिहिलेला 'थांबवा' कुणीतरी पुसला होता, त्याची पांढरी बोटं फळीवर तशीच. गेलेला शाफ्ट माझा होता. माझ्या तिघांतले दोनच उरलेत.

पहारेकऱ्याला विचारलं. शनिवारी दिवसा गाडी आली होती. फोरमनने स्वतः पंच मारले आणि दिला पाठवून. वर 'तपासले' असा शिक्का.

आणि घरी पोचतो तो काय, बायको खुशीत. कालपासून एक लिफ्ट सुरू झाली म्हणे. पेढे वाटायचीच बाकी होती. मी म्हटलं, त्या लिफ्टमध्ये पाय ठेवू नकोस. ती म्हणाली की चादरींची ढकलगाडी आत लावायची तर कुणीतरी आत उभं राहावंच लागतं, वर गाडी ओढून काढायला काय भूत येणार? मी सगळं समजावलं, इंच, मिलिमीटर, एक दशांश. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, सहा आठवडे मी जिने चढले. एवढ्याशा फटीसाठी आणखी चढू?"

मला तरी काय वाटत होतं? चाक वाजेल, चावी झिजेल, महिन्या-दोन महिन्यांत परत बंद पडेल. पडेल म्हणजे फक्त बंद पडेल, असंच वाटत होतं. मी तरी शाफ्ट उत्तम केलाय, तो काही दगा देणार नाही, असंही वाटलं.

ड्रॉइंगच्या चौकटीत लिफ्टवाल्या कंपनीचा फोन होता. झोप सोडून लावला. तीनदा कुणी घेतला नाही. चौथ्यांदा एका बाईने घेतला आणि सगळं शांतपणे लिहून घेतलं. म्हणाल्या, मी बाहेरच्या कामावर आहे, आल्या आल्या येते, तोवर काही पाठवू नका. मी म्हटलं, पाठवून झालंय. तो कधी गेला, ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, आमच्या फिटरला चाक बघायला सांगते. फिटरने बघितलं म्हणे. वाजत नाही म्हणाला. पंच नवे आहेत, कसं वाजेल?

१३ तारीख, शुक्रवार

ही रोज त्या लिफ्टने जाते. रोज येऊन सांगते, बघा, काही झालं नाही. गुडघ्याची सूज उतरली. मला त्या सुजेच्या उतरण्याचासुद्धा राग येतो, यावरून माझी अवस्था समजावी.

१७ तारीख, मंगळवार. दुपार, संध्याकाळ, काय ते

आजच लिहायला हवं.

सकाळी पाळी सुटता सुटता फोनवरच्या त्या बाई आल्या; ड्रॉइंग त्यांनीच केलेलं. मी आठवडाभर मनात भाषण तयार केलं होतं. तिशीतल्या असतील; पायांत कारखान्याचे बूट, हातात जुन्या ड्रॉइंगची गुंडाळी. मी भाषण सुरू केलं. त्यांनी मध्येच हात वर केला आणि म्हणाल्या, "अडतीस मी केलं. चूक माझी आहे. पुढचं सांगा." अशा माणसाशी भांडता येत नाही. फार गैरसोय होते.

त्यांचं म्हणणं असं. मूळ मशिन जुनं, सगळे कागद इंचातले. चाकं तयार विकत घ्यायची ठरली होती, मिलिमीटरची, म्हणून त्यांनी फक्त शाफ्टचा कागद बदलला आणि ३८.१ चे सरळ अडतीस केले. नंतर कुणीतरी वर ठरवलं की जुनीच चाकं ओतून घ्यायची, आणि जुना कागद त्याच पाकिटात आला. त्यांना कुणी कळवलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

मग त्यांनी फळीवरचे शाफ्ट एकेक उचलले. साडूचे तीन पाहिले, ठेवले. माझा घेतला आणि कोपऱ्यात नख फिरवलं. परत फिरवलं. विचारलं, हे कोणी केलं? मी म्हटलं, मी. थोड्या अभिमानानेच म्हटलं, लपवत नाही. म्हटलं, ०.०६ ची गोलाई, पाहिजे तर भिंगाखाली बघा.

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी जुनी गुंडाळी उलगडली. मूळ इंची कागदावर तिथेच, त्याच बाणावर: .०६. इंचाचे सहा शतांश. म्हणजे दीड मिलिमीटर. सगळी मोठी मापं त्यांनी बदलली आणि हा एक बारका आकडा तसाच राहिला. मथळा मिलिमीटरचा, आकडा इंचाचा. एकाच कागदात दोन भाषा, आणि ही मला दिसली नव्हती. मी दोन कागदांतला फरक शोधून छाती काढून फिरत होतो, आणि कागदाच्या आतला माझ्या टूलखालून गेला. ती मोठी कड, चाकाच्या तोंडाची, तिचं कारणही हेच. दीड मिलिमीटरच्या गोलाईला जागा म्हणून ती होती. मी तिला हसलो होतो.

दीडच्या जागी सहा शतांश म्हणजे काय, हे कुठल्याही टर्नरला सांगावं लागत नाही. दोर चाकाला खाली ओढतो. शाफ्टचं टोक डोळ्यांना दिसणार नाही इतकं वाकतं. शाफ्ट फिरतो, म्हणजे जी बाजू आत्ता ताणली जाते ती अर्ध्या फेऱ्यात दाबली जाते, परत ताणली जाते. तार हातात धरून पुढे-मागे वाकवावी तसं, दर फेऱ्याला एकदा. गोल कोपरा असला की हा ताण पसरतो. सुरीचा कोपरा असला की सगळा ताण त्या एका रेषेवर येऊन बसतो आणि तिथून चीर सुरू होते. वरून चाक सैल, म्हणजे धक्के वेगळेच.

फोरमन म्हणाला, दिवसाचं काम उरकू द्या, उद्या सकाळी बघू. बाई थेट फोनकडे गेल्या. हॉस्पिटलात कुणी उचलेना. मग त्यांनी त्यांची गाडी काढली आणि मी मागून न विचारता बसलो. साडूही बसला, आपली पाळी टाकून.

धोबीखान्याच्या दाराशी पोचलो तर ही लिफ्टसमोर ढकलगाडी घेऊन उभी. लिफ्ट वर गेलेली, आत हिच्याबरोबर काम करणारी एक बाई. मी ओरडणार होतो. ड्रॉइंगच्या बाईंनी माझा दंड धरला. म्हणाल्या, मध्येच बंद केली तर ती अधांतरी अडकेल. रिकामी करून खाली येऊ द्या. आम्ही तिथे उभे राहून वरचा आवाज ऐकत होतो. गाडी बाहेर ओढल्याचा खडखडाट. मग खाली येताना, दर फेऱ्याला, एक बारीक टक्. टक्. टक्. इतके दिवस कुणाला तो ऐकू आला नव्हता. किंवा आला होता आणि यंत्र आहे, वाजणारच, असं वाटलं होतं. ती बाई दार उघडून हसत बाहेर आली, आणि हिने ढकलगाडीचं चाक आत घातलं. मी तिला मागे ओढलं. तिच्या हातून गाडी सुटली, चादरी सगळ्या जमिनीवर. सगळ्यांसमोर ती मला काय काय बोलली ते लिहीत नाही.

वीज तोडली. वर यंत्राच्या खोलीत गेलो. चाक आणि शाफ्ट यांच्या फटीतून लाल पावडर गळून खाली साचली होती, कुंकवासारखी. लोखंड लोखंडावर घासलं की असा गंज निघतो. फिटर आला, चाक उतरवलं. पंचाचे ठिपके आरशासारखे घासून सपाट. चावीच्या कडा चावल्यासारख्या. कोपरा नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. माझा कोपरा. फिटर म्हणाला, बघा, काही नाही.

मी रॉकेल मागितलं. कोपऱ्याला चोळलं, दहा मिनिटं मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड फासली. चीर असली तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर उमटतं. आम्ही चौघं वाकून बघत होतो. आधी काही नाही. मग पांढऱ्यावर केसाएवढी एक ओली रेघ दिसायला लागली, आणि वाढत वाढत शाफ्टच्या पाव घेरापर्यंत गेली.

ही मागे येऊन उभी होती, मला माहीत नव्हतं. तिने विचारलं, ही रेघ म्हणजे काय? ती खाली जाऊन चादरी गोळा करायला लागली. त्या चादरी तिने जिन्याने नेल्या.

१९ तारीख, गुरुवार

मालकांसमोर झालं सगळं. फोरमन म्हणाला की शाफ्ट रात्रपाळीचा, चीर रात्रपाळीच्या कोपऱ्यात, मग प्रश्न कुठे आहे? मी म्हटलं, कोपरा माझा आहे. पंच तुमचा आहे. पुसलेला खडू तुमचा आहे. आपापलं घ्या. बाईंनी त्यांचं लेखी दिलं. फोरमनने अजून काही दिलेलं नाही, आणि तो अजून फोरमन आहे. हे लिहिताना पेन कागदात घुसतंय.

ठरलं असं: सगळं मिलिमीटरमध्ये. चाकं अडतीसला बोअर करायची. माझी मोठी झालेली दोन भंगारात. मी म्हटलं, त्या दोन चाकांना शाफ्टच अडतीस पूर्णांक एकचे करू, चाकं वाचतील. बाई म्हणाल्या, उद्या कुणी एकाचं चाक दुसऱ्याला बसवेल, मग परत हेच. बरोबर होतं. माझे उरलेले दोन शाफ्टही भंगारात, कारण तीक्ष्ण कोपऱ्यात गोलाई भरायची तर धातू आणायचा कुठून. साडूचे तिन्ही वापरायचे. ते गोलाई मापायच्या पट्टीने तपासले: तिन्हींची गोलाई दीड. नेमकी.

मालकांनी साडूला विचारलं, ड्रॉइंगवर ०.०६ असताना तुम्ही दीड कशी ठेवलीत? तो म्हणाला, "सवय हाताची." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी तर हात जोडले. मी नाही डोलावली. चाळीस वर्षांची सवय असो नाहीतर शंभर, जो आकडा लिहिलाय तो ओलांडताना माणूस विचारतो. याने विचारलं नाही. का नाही विचारलं?

२० तारीख, शुक्रवार

आज पाळी बदलताना मुद्दाम लवकर गेलो. नवा कागद आला होता. बाईंनी या वेळी गोलाईचा आकडा मोठ्या अक्षरात लिहिला आहे, तरी खालच्या सूचना बारीकच आहेत. मी साडूला म्हटलं, खालच्या दोन ओळी जरा वाचून दाखवा, माझे हात तेलाचे आहेत. त्याने कागद खिडकीशी नेला. वाचायला लागला. छान वाचत होता; पण कागदावर नव्हतं ते वाचत होता. जुन्या कागदावरचं, पाठ झालेलं.

मी त्याला औजारांच्या खोलीत नेलं. म्हटलं, भाऊजी, तुम्हाला दिसत नाही.

तो आधी चिडला. मग खोक्यावर बसला. दीड वर्ष झालं म्हणे, धुकं पडल्यासारखं. मोठे आकडे दिसतात, डिजिटलवरचे दिसतात, बाकी अंगठ्याला कळतं. तो ०.०६ त्याने पाहिलाच नव्हता. तिथे काहीतरी गोलाई लिहिलीय एवढं कळलं, आणि हाताने आपली नेहमीची ठेवली.

"म्हणजे तुम्हाला दिसलं असतं, तर तुम्हीही माझ्यासारखंच केलं असतं," मी म्हटलं.

"कदाचित. पण तुझी बायको त्या लिफ्टमध्ये आहे हे मला माहीत होतं, आणि मी तुझ्या बाजूने बोललो नाही. कागद दाखवून बोलावं लागलं असतं. कागद दिसतच नव्हता."

मला त्याला धरून हलवावंसं वाटलं. फोरमनने शिक्का मारून लपवलं, याने सवय म्हणून लपवलं. या वेळी न दिसण्याने बरं झालं. पुढच्या वेळी? उद्या एखाद्या कागदावर खरंच सहा शतांश हवे असतील? मी म्हटलं, सोमवारपर्यंत तुम्ही स्वतः मालकांना सांगा आणि डॉक्टरकडे जा. नाही सांगितलंत तर मी सांगेन. तो म्हणाला, या मशिनवर तुला मी आणलं. मी म्हटलं, म्हणूनच सोमवार. नाहीतर आत्ताच सांगितलं असतं.

२४ तारीख, मंगळवार

त्याने सांगितलं नाही. मी सांगितलं.

त्याला मशिनवरून काढून फळीवर बसवलंय, नट-बोल्ट निवडायला. जाताना त्याने डिजिटल मायक्रोमीटर माझ्यासमोर टेबलावर ठेवला. हिच्या ताईने हिला फोनवर सांगितलं की आमच्या दारात येऊ नका. ही मला म्हणाली, बरोबर केलंत. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. दोन्ही खरं होतं. मला तिचं रडणं बघवेना आणि तिचं बरोबर म्हणणंही ऐकवेना. फोरमनचं काही झालं नाही आणि साडूचं सगळं झालं, हा कसला न्याय? कुणावर चिडू? जो सापडेल त्याच्यावर चिडतोय. काल पाणी तापत नाही म्हणून शेगडीवर ओरडलो.

१ तारीख, मंगळवार

मी आता दोन्हीकडची पाळी ओढतोय, दिवसाची अर्धी आणि रात्रीची अर्धी. शेवटचा शाफ्ट आज झाला. गोलाई दीड, पट्टीने, दोघांनी तपासून. चाक दाबून बसलं, तेलाचा एक थेंब बाहेर आला आणि थांबला. यात आनंद व्हायला हवा होता.

हिच्याकडून कळलं की साडूच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दोन्ही. डॉक्टर म्हणाला, एवढं पिकेपर्यंत काय करत होतात? एका डोळ्याची शस्त्रक्रिया परवा. मी जावं का, विचारलं. ही म्हणाली, ताई नको म्हणाली.

८ तारीख, मंगळवार

लिफ्ट सुरू झाल्या. बाईंनी प्रत्येकीत दुप्पट भार टाकून दिवसभर चालवून बघितल्या, मग लोकांना सोडलं. ही अजून जिन्याने जाते. मी म्हटलं, आता चांगली आहे, मी स्वतः बसवलंय. ती म्हणाली, माहितीये. आणि जिन्यानेच गेली.

१८ तारीख, शुक्रवार

आज सकाळी मशिन पुसत होतो. दारातून कुणीतरी आलं. वर बघितलं तर साडू, गडद चष्मा लावून. आजपासून हलकं काम करायला परवानगी आहे म्हणे. हे तो मला नाही, भिंतीला सांगत होता. कारखान्यात सगळ्यांचे हात थांबले होते.

तो टेबलाशी आला. चष्मा कपाळावर सरकवला. टेबलावरचा कागद उचलला, खिडकीशी न नेता, आणि खालच्या चौकटीतल्या बारीक ओळी मोठ्याने वाचल्या. शेवटपर्यंत. एकही शब्द चुकला नाही. कागद खाली ठेवला आणि मग माझ्याकडे वळून बघत राहिला. महिनाभरात माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. आता शिव्या घालणार, असं वाटलं. मीही तयार होतो, माझ्याकडेही बऱ्याच साठल्या होत्या.

तो अगदी जवळ येऊन बघत होता, काम तपासावं तसं.

"अरे," तो म्हणाला, "तू एवढा म्हातारा कधी झालास?"

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, तुम्ही बघत नव्हतात तेव्हा. आणि मला तिथून निघून बाहेर जावं लागलं, कारण फोरमन बघत होता आणि त्याला माझा चेहरा दाखवायचा नव्हता.